टॉवेलच्या वर्णनातून ‘प्रीमियम दर्जा’ काढला, तर त्या जागी काय लिहावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन विक्रीसाठी वस्तूंची वर्णने लिहिणाऱ्यांकडून ‘प्रीमियम क्वालिटी’, ‘बेस्ट इन क्लास’, ‘उत्कृष्ट दर्जा’ या शब्दांबद्दल जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे येथे एकाच वस्तूच्या आधारे दिली आहेत. ती वस्तू आहे अंग पुसण्याचा सुती टॉवेल. टॉवेल निवडण्याचे कारण असे की त्याच्या वर्णनात हे गुळगुळीत झालेले शब्द फार आढळतात आणि त्याच वेळी त्याची बरीचशी माहिती ग्राहकाला घरच्या वजनकाट्यावर आणि मोजपट्टीने तपासता येते.

पुढील सर्व उत्तरांत आपण हे एक वाक्य दुरुस्त करत जाणार आहोत: “सादर आहे प्रीमियम दर्जाचा, अत्यंत मऊ, उत्कृष्ट शोषणक्षमता असलेला, टिकाऊ आणि बेस्ट इन क्लास टॉवेल.”

‘प्रीमियम दर्जा’ असे लिहिण्यात नेमकी अडचण काय आहे?

हा शब्द दोन टॉवेलांमधील फरक सांगत नाही. विरळ विणीच्या हलक्या टॉवेलवरही तो लिहिलेला असतो आणि त्याच्या दुप्पट वजनाच्या टॉवेलवरही असतो. ‘आमचा टॉवेल कनिष्ठ दर्जाचा आहे’ असे कोणताही विक्रेता लिहीत नाही, त्यामुळे ‘उच्च दर्जाचा’ हे शब्द वाचून ग्राहकाला एकही पर्याय बाजूला सारता येत नाही. मग तो छायाचित्र आणि किंमत पाहून निर्णय घेतो, आणि ज्या विक्रेत्याने सुतावर खरोखर जास्त खर्च केला आहे त्याचा तो खर्च वर्णनात कोठेच दिसत नाही. माझ्या मते या शब्दाने सर्वांत मोठे नुकसान चांगला माल विकणाऱ्याचेच होते.

कोणती माहिती पडताळता येण्याजोगी आहे, हे कसे ठरवावे?

लिहिलेले वाक्य खोटे असेल तर ग्राहकाला ते कशावरून कळेल, असे स्वतःला विचारावे. ‘वजन ४७० ते ४९० ग्रॅम’ हे खोटे असेल तर काट्यावर कळेल. ‘लांबी १४० सेंटिमीटर’ खोटे असेल तर मोजपट्टीवर कळेल. ‘कडेला दुहेरी दुमड घालून शिवण’ खोटे असेल तर कड उलटून पाहताच कळेल. ‘उत्कृष्ट’ हे मात्र कोणत्याही साधनाने खोटे ठरवता येत नाही, म्हणूनच त्यातून काही समजतही नाही.

यात दोन पायऱ्या मानाव्यात. पहिली पायरी म्हणजे ग्राहक स्वतः घरी तपासू शकतो अशा गोष्टी, आणि दुसरी म्हणजे प्रयोगशाळेच्या अहवालावरून किंवा प्रमाणपत्राच्या क्रमांकावरून तपासता येतील अशा गोष्टी. वर्णनात पहिल्या पायरीला आधी जागा द्यावी, कारण ती तपासायला कोणाचीही मदत लागत नाही.

आम्ही ‘५०० जीएसएम’ असे लिहितोच. तेवढे पुरेसे नाही का?

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. टॉवेलच्या वर्णनातील हा सर्वांत उपयोगी आकडा आहे. ढोबळमानाने ३०० ते ४०० हा हलका टॉवेल, ४०० ते ६०० हा मध्यम आणि त्यापुढचा जड समजला जातो. तरीही तो एकटा पुरत नाही, कारण ग्राहकाच्या हातात एक चौरस मीटर कापड येत नाही, टॉवेल येतो. म्हणून जीएसएमसोबत टॉवेलचे माप आणि एका टॉवेलचे वजन, असे तिन्ही आकडे द्यावेत. हे तीन आकडे एकमेकांना बांधलेले असतात, आणि त्यातला एक जरी फुगवलेला असेल तरी साध्या गुणाकाराने तो उघडा पडतो.

उदाहरणादाखल समजू की आपला टॉवेल ७० सेंटिमीटर रुंद आणि १४० सेंटिमीटर लांब आहे. त्याचे क्षेत्रफळ ०.७० × १.४० म्हणजे ०.९८ चौरस मीटर होते. कापड खरोखर ५०० जीएसएमचे असेल, तर टॉवेलचे वजन ५०० × ०.९८ म्हणजे ४९० ग्रॅमच्या जवळपास यायला हवे. ग्राहकाच्या काट्यावर ते ४१० ग्रॅम आले, तर त्याला मिळालेले कापड सुमारे ४१८ जीएसएमचे आहे आणि त्याबाबत वाद घालायला जागा उरत नाही.

एक बाब ध्यानात ठेवावी. गिरणीत जीएसएम मोजताना गोल कटरने १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापतात, त्याचे ग्रॅममधील वजन करतात आणि त्याला १०० ने गुणतात. टॉवेलच्या पृष्ठभागावर सुताचे जे उभे फासे असतात त्यांना लूप म्हणतात. हा तुकडा लूप असलेल्या भागातून घेतला, तर टॉवेलच्या दोन्ही टोकांना असलेली सपाट, बिनलूपची पट्टी मोजणीत येत नाही. ती पट्टी रुंद असेल, तर संपूर्ण टॉवेलचे वजन भागिले क्षेत्रफळ हा आकडा कटरने मिळालेल्या आकड्यापेक्षा वेगळा निघतो. ग्राहकाकडे कटर नसतो, त्यामुळे वर्णनात संपूर्ण टॉवेलवरून काढलेला आकडा द्यावा.

पुरवठादाराच्या कागदावर ५०० जीएसएम आहे आणि आमच्या काट्यावर कमी येते. कोणता आकडा लिहावा?

आपल्या काट्याचा लिहावा. त्यासाठी खेपेतील वेगवेगळ्या गठ्ठ्यांमधून किमान पाच टॉवेल काढून वजन करावे. समजा ती वजने ४८२, ४७६, ४८९, ४७१ आणि ४८५ ग्रॅम आली. त्यांची सरासरी सुमारे ४८१ ग्रॅम होते आणि ०.९८ ने भागल्यावर ४९० जीएसएम मिळतात. हा पुरवठादाराच्या आकड्यापेक्षा २ टक्के कमी आहे. कापडाच्या वजनात ५ टक्क्यांपर्यंतचा फरक व्यवहारात सहसा मान्य केला जातो, त्यामुळे पुरवठादाराने फसवले असे म्हणता येणार नाही. पण आपल्या वर्णनात ‘५०० जीएसएम’ लिहिण्याचेही कारण नाही. ‘सुमारे ४९० जीएसएम, एका टॉवेलचे वजन ४७० ते ४९० ग्रॅम’ असे लिहावे. या कक्षेत आपण मोजलेले सर्वांत हलके आणि सर्वांत जड, दोन्ही टॉवेल बसतात.

हवामानाचाही थोडा परिणाम होतो. कापूस हवेतील ओलावा धरतो. २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता या प्रमाणित स्थितीत कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा त्यात असतो असे मानतात. त्यामुळे एकच टॉवेल दमट दिवशी आणि कोरड्या दिवशी वजन केला तर १०-१५ ग्रॅमचा फरक पडू शकतो. कक्षा देण्याचे हेही एक कारण आहे.

टॉवेल धुतल्यावर आटतो. मग धुण्यापूर्वीचे माप लिहावे की नंतरचे?

दोन्ही लिहावीत, आणि कोणते कधीचे आहे हे स्पष्ट करावे. या ठिकाणी झालेल्या चुका मी इतक्यांदा पाहिल्या आहेत की हा मुद्दा सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

वरील टॉवेल तीन वेळा धुऊन वाळवला आणि तो ६८ × १३३ सेंटिमीटर भरला असे समजू. म्हणजे लांबीत ५ टक्के आणि रुंदीत जवळपास ३ टक्के आट आली. सैल तंतू निघून गेल्यामुळे त्याचे वजन ४८१ वरून ४७४ ग्रॅमवर आले. आता क्षेत्रफळ सुमारे ०.९०४ चौरस मीटर आहे आणि ४७४ भागिले ०.९०४ म्हणजे जीएसएम सुमारे ५२४ येतो. टॉवेलचे वजन कमी झाले, तरी जीएसएम वाढला, कारण तेच सूत आता कमी जागेत दाटले आहे.

आता एखाद्याने धुतल्यानंतरचा ५२४ हा आकडा आणि धुण्यापूर्वीचे ७० × १४० हे माप एकत्र लिहिले, तर दोन्ही आकडे प्रत्यक्ष मोजलेले असूनही वर्णन चुकीचे ठरते. त्या वर्णनानुसार टॉवेलचे वजन ५१३ ग्रॅमच्या पुढे भरायला हवे आणि ते तर कधीच तितके नव्हते. अशी सरमिसळ हेतुपुरस्सर होते तशीच नकळतही होते, कारण माप एका कागदावरून घेतलेले असते आणि जीएसएम दुसऱ्या. लिहून झाल्यावर तिन्ही आकड्यांचा गुणाकार जुळतो का, हे एकदा पाहिले की चूक लगेच सापडते.

‘उत्कृष्ट शोषणक्षमता’ याच्या जागी काय लिहिता येईल?

पाण्याच्या थेंबाची चाचणी करून तिचा निकाल लिहावा. वस्त्रोद्योगात एएटीसीसी ७९ या नावाने ती प्रमाणित आहे. ताणून धरलेल्या कापडावर १ सेंटिमीटर उंचीवरून पाण्याचा एक थेंब सोडतात आणि त्याची चकाकी नाहीशी होऊन केवळ ओला डाग उरेपर्यंतचा वेळ मोजतात. हा वेळ ५ सेकंद किंवा त्याहून कमी असेल तर शोषण सर्वसाधारणपणे समाधानकारक मानले जाते. घरी ड्रॉपर आणि घड्याळ वापरून केलेली चाचणी प्रयोगशाळेइतकी काटेकोर नसते, पण चांगल्या आणि वाईट टॉवेलमधला फरक दाखवायला ती पुरते.

ही चाचणी नव्या, न धुतलेल्या टॉवेलवर केली तर निकाल पाहून अनेकांना धक्का बसतो. थेंब वीस सेकंदांहून जास्त वेळ मण्यासारखा तसाच बसून राहतो. कारखान्यात अखेरच्या टप्प्यावर टॉवेल हाताला मुलायम लागावा म्हणून सॉफ्टनर, बरेचदा सिलिकॉनचा, लावलेला असतो आणि तो पाणी अडवतो. दुकानात सर्वांत मऊ लागणारा टॉवेल पहिल्या दिवशी अंग नीट पुसत नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. काही धुण्यांनंतर हा लेप उतरतो. म्हणून पहिल्या धुण्यापूर्वी, पहिल्या धुण्यानंतर आणि तिसऱ्या धुण्यानंतर असे तीनदा मोजावे आणि कळलेले जसेच्या तसे लिहावे: “नव्या टॉवेलवर मुलायमपणासाठीचा लेप असल्याने सुरुवातीला पाणी कमी शोषले जाते. तीन धुण्यांनंतर पाण्याचा थेंब ३ सेकंदांच्या आत शोषला जातो. धुताना कापड मऊ करणारे द्रव वापरू नये, कारण त्याने शोषण पुन्हा कमी होते.” असे वाक्य लिहिले म्हणजे ‘टॉवेल पाणी शोषत नाही’ ही पहिल्या आठवड्यातील तक्रार येण्याआधीच तिचे उत्तर दिलेले असते.

मऊपणा तर मोजता येत नाही. तेथे ‘अत्यंत मऊ’ लिहिले तर काय बिघडले?

घरी मऊपणा मोजता येत नाही हे मान्य आहे, मात्र मऊपणा कशामुळे येतो हे सांगता येते. लूपच्या सुताला पीळ कमी असेल तर ते फुगीर राहते, हाताला मऊ लागते आणि पाणीही लवकर घेते. त्याच सुताचे तंतू सैल धरलेले असल्यामुळे सुरुवातीच्या धुण्यांत त्यातून जास्त लव निघते आणि एखाद्या अणकुचीदार वस्तूत अडकून लूप ओढला जाण्याची शक्यताही वाढते. लूप वरून कापलेले असतील, तर पृष्ठभाग मखमलीसारखा होतो, पण न कापलेल्या लूपच्या मानाने पाणी टिपण्यात तो मागे पडतो. यांपैकी आपल्या टॉवेलमध्ये काय आहे ते लिहावे आणि सोबतचा तोटाही लिहावा. पहिल्या दोन-तीन धुण्यांत लव निघेल हे आधीच वाचलेला ग्राहक ती पाहून टॉवेल खराब निघाला असे समजत नाही.

‘टिकाऊ’ या शब्दाचे काय करावे?

आपण स्वतः तपासले नसेल तर तो शब्द काढून टाकावा. तपासायचे असेल तर एक टॉवेल ४० अंशांच्या पाण्यात ३० वेळा धुवावा आणि शेजारी न धुतलेला टॉवेल ठेवून फरक पाहावा. किती लूप ओढले गेले, कडेची शिवण कोठे उसवली, रंग किती उतरला, माप किती उरले, हे सर्व लिहून ठेवावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला आठवडे लागतात, पण त्यानंतर लिहिलेले “३० धुण्यांनंतर कडेची शिवण उसवली नाही, एका कोपऱ्यात दोन लूप ओढले गेले” हे वाक्य मला डझनभर ‘टिकाऊ’ शब्दांपेक्षा मोलाचे वाटते.

रंगाच्या पक्केपणासाठी प्रयोगशाळेचा मार्ग उपलब्ध आहे. आयएसओ १०५-सी०६ या धुलाईच्या चाचणीत रंगातील बदल आणि सोबतच्या कापडावर पडलेला डाग १ ते ५ या श्रेणीत मोजतात. त्यात ५ म्हणजे बदल नाही. अहवाल असेल तर श्रेणी, चाचणीचे नाव आणि कोणत्या रंगाच्या टॉवेलची चाचणी झाली, हे तिन्ही लिहावे. फिकट रंगाच्या टॉवेलचा अहवाल गडद निळ्या टॉवेलच्या वर्णनात वापरणे ही दिशाभूल आहे, कारण गडद रंगांत जादा रंगद्रव्य निघण्याची शक्यता अधिक असते.

चाचणीची सोय नसेल तर बांधणी सांगावी: कड एकेरी दुमडलेली आहे की दुहेरी, कोपऱ्यांवर टाके पक्के केले आहेत का. किंवा हमी द्यावी, पण ती मुदत आणि अट यांसह द्यावी, उदाहरणार्थ ‘एका वर्षात शिवण उसवल्यास बदलून देऊ’.

‘१०० टक्के कापूस’, ‘इजिप्शियन कॉटन’ किंवा प्रमाणपत्रांचे उल्लेख कसे करावेत?

‘१०० टक्के कापूस’ लिहिताना तो लूपपुरता आहे की पायाच्या विणीतही आहे हे पाहावे, कारण काही टॉवेलांत पायाच्या सुतात पॉलिएस्टर मिसळलेले असते. पायातून एक धागा काढून चिमट्यात धरून जाळला, तर कापूस कागदासारख्या वासाने जळून हलकी राख उरते आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

कापसाचा मूळ प्रदेश मात्र ग्राहक घरी तपासू शकत नाही, आणि विक्रेत्यालाही तो केवळ पाहून कळत नाही. २०१६ साली अमेरिकेतील एका मोठ्या दुकानसाखळीला ‘इजिप्शियन कॉटन’ म्हणून विकलेल्या चादरी त्या कापसाच्या नसल्याचे आढळले आणि तिने ग्राहकांना पैसे परत देऊ केले. म्हणून सूतगिरणीपर्यंत पोहोचणारी कागदपत्रे हाती नसतील, तर प्रदेशाचे नाव लिहू नये.

प्रमाणपत्राच्या चिन्हासोबत त्याचा क्रमांक द्यावा आणि ते कशाबद्दल आहे हे एका ओळीत सांगावे. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० ही हानिकारक रसायनांची चाचणी आहे आणि तिचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ती शोषण, टिकाऊपणा किंवा सेंद्रिय शेती यांपैकी कशाचीही ग्वाही देत नाही, त्यामुळे ‘दर्जा प्रमाणित’ अशा मोघम शब्दांखाली तिचे चिन्ह लावू नये.

‘बेस्ट इन क्लास’?

काढून टाकावे. तुलना करायचीच असेल, तर आपल्याच दोन टॉवेलांची करावी, म्हणजे दोन्हींचे आकडे आपल्याकडे असतील. जड टॉवेल हलक्यापेक्षा वाळायला किती तास जास्त घेतो, हे एकाच दिवशी एकाच दोरीवर वाळत घालून मोजता येते, आणि ज्याच्याकडे ऊन कमी येते त्याला हीच माहिती सर्वांत आधी हवी असते.

आकडे लिहिल्याने आमची कायदेशीर जबाबदारी वाढत नाही का?

वाढते, आणि ही भीती निराधार नाही. मोघम प्रशंसेकडे अनेक न्यायालये केवळ विक्रीची भाषा म्हणून पाहतात, तर नेमक्या विधानाला वचन मानतात. इंग्लंडमधील, १८९२ साली निकाल लागलेला कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी हा खटला या बाबतीत प्रसिद्ध आहे. उत्पादन सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाल्यास १०० पौंड देऊ, असे जाहिरातीत लिहिले होते आणि त्यासाठी १,००० पौंड बँकेत ठेवल्याचेही नमूद केले होते. ही नुसती जाहिरातबाजी आहे हा कंपनीचा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही.

त्यामुळे जे मोजले आहे तेवढेच लिहावे, कक्षेसह लिहावे आणि मोजणीची नोंद तारखेसह जपून ठेवावी. स्वतःच्या काट्यावर आलेला आकडा लिहिणाऱ्याला घाबरण्याचे कारण उरत नाही. पुरवठादाराचा आकडा न तपासता उतरवणाऱ्याने मात्र काळजी करावी.

इतके सगळे लिहिले तर वर्णन रुक्ष होणार नाही का? ग्राहक हे वाचेल का?

सगळे आकडे पहिल्या परिच्छेदात कोंबले तर नक्कीच रुक्ष होईल. ग्राहकाला टॉवेल कसा वापरता येईल हे आधी सांगावे आणि आकडा त्याच्या आधाराला ठेवावा. मूळ वाक्य आता असे होईल:

“मध्यम जाडीचा, पूर्ण सुती टॉवेल. नवा असताना ७० × १४० सेंटिमीटर, वजन ४७० ते ४९० ग्रॅम (सुमारे ४९० जीएसएम). तीन धुण्यांनंतर तो सुमारे ६८ × १३३ सेंटिमीटर होतो. सुरुवातीला पाणी कमी टिपतो, तिसऱ्या धुण्यानंतर थेंब ३ सेकंदांच्या आत शोषतो. लूपच्या सुताला पीळ कमी असल्याने हाताला मऊ लागतो, पण पहिल्या दोन-तीन धुण्यांत लव निघते, म्हणून तेव्हा वेगळा धुवावा. कडेला दुहेरी दुमड असून ४० अंशांच्या पाण्यात ३० धुण्यांनंतर शिवण उसवली नाही.”

यात ‘प्रीमियम’ कोठेही नाही. लांबी मूळ वाक्याच्या कित्येक पट आहे, पण वाचणाऱ्याला हा टॉवेल आपल्या कामाचा आहे की नाही हे ठरवता येते. ज्याला पटकन वाळणारा, प्रवासात न्यायचा टॉवेल हवा आहे तो हे वाचून निघून जाईल, आणि त्याने जावे हेच योग्य आहे. तो गेला नसता तर टॉवेल परत पाठवण्याचा खर्च दोघांना सोसावा लागला असता.

एकदा लिहिलेले वर्णन किती दिवस चालते?

पुढील खेप येईपर्यंत. सूत किंवा सॉफ्टनर बदलला की वजन, आट आणि शोषणाचा वेळ तिन्ही बदलू शकतात, आणि पुरवठादार हा बदल दर वेळी कळवतोच असे नाही. नव्या खेपेतून पुन्हा पाच टॉवेल काढून वजन करावे आणि एक टॉवेल तीन वेळा धुऊन मोजावा. वजन लिहिलेल्या कक्षेबाहेर गेले, तर विक्री सुरू करण्यापूर्वी वर्णनातील आकडे बदलावेत. ३० धुण्यांची चाचणी मात्र दर खेपेला करणे कठीण असते, म्हणून त्या ओळीशेजारी ती कोणत्या महिन्यातील खेपेवर केली होती हे लिहून ठेवावे.